पायऱ्यांच्या नियमाची कुळकथा

डोक्याला मार बसून ज्याच्या मेंदूला हादरा पोहोचला आहे, अशा खेळाडूस त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू द्यावयाचे नाही, आणि पुढेही त्याने एकेक पायरी चढतच खेळात परतावयाचे, हा नियम आज क्रिकेटपासून फुटबॉलपर्यंत रूढ झाला असला, तरी त्याचे वय जेमतेम पाव शतकाचे आहे. त्याच्या मुळाशी असलेली शंका मात्र हजार वर्षांहून जुनी आहे. कवटी फुटलेली नाही, मेंदूत रक्त साकळलेले नाही, आणि तरीही माणूस काही काळ भान हरपून बसतो, या अवस्थेला इराणी वैद्य अल्-राझी याने इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास मेंदूच्या प्रत्यक्ष जखमेपासून वेगळे काढले. जखम दिसत नाही, मग बिघडले काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

त्या उत्तराचा पहिला अर्धा भाग दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हाती आला. डेनी-ब्राउन आणि रसेल या दोघा मज्जाविकारतज्ज्ञांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले, की डोके पक्के जखडून ठेवले असता त्यावर केलेल्या प्रहाराने शुद्ध हरपणे दुरापास्त होते. तेच डोके मोकळे असून प्रहारासरशी झटक्याने हलले, तर शुद्ध सहज हरपते. घात प्रहाराचा कमी आणि त्यातून उपजणाऱ्या गतीचा अधिक, हे त्यावरून दिसले. दोनच वर्षांनी ऑक्सफर्डच्या होल्बर्न नावाच्या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू घडवून या गतीचा माग काढला, आणि डोके गर्रकन वळले असता आतील मऊ द्रव्याचे थर एकमेकांवरून सरकून ताणले जातात व खरी नासधूस त्या सरकण्याने होते, असे प्रतिपादन केले. हनुवटीवर आडवा बसलेला ठोसा पुष्कळदा कपाळावरच्या सरळ ठोशाहून घातक का ठरतो, आणि शिरस्त्राणाने कवटी वाचली तरी मेंदूचा हादरा का टळत नाही, याचा उलगडा या एका विचाराने होतो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग अधिक सूक्ष्म असून, गिझा आणि होव्डा या अमेरिकी संशोधकांनी २००१ साली त्याची सुसंगत मांडणी केली. मज्जापेशी ताणल्या गेल्या, की त्यांच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, आणि ही उलथापालथ निस्तरण्यासाठी पेशींतील क्षारांचे पंप अहोरात्र राबू लागतात. या कामास ग्लुकोजचा भरमसाट खर्च होतो. आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूकडे येणारा रक्ताचा पुरवठा घटलेला असतो. खर्चाचा तगादा वाढलेला आणि रसद आटलेली, अशा या पेचातून मेंदूची शक्ती मंदावते. प्रौढ उंदरांवरील प्रयोगांत ही मंदी आठवडा-दहा दिवस टिकल्याचे आढळते. पेशी मेलेल्या नसतात, म्हणून सीटी स्कॅनचा अहवाल बहुधा निर्दोष येतो. पण त्या दुर्बल अवस्थेत दुसरा मार बसला, तर तो सोसण्याची ताकद त्यांच्यापाशी उरलेली नसते. बाहेरून दिसणारा माणूस आणि आतला मेंदू एकाच वेळी बरे होत नाहीत, हे ज्ञान म्हणजेच पायऱ्यांच्या नियमाचा खरा जन्मदाखला होय.

त्याच वर्षी, २००१ सालच्या नोव्हेंबरात, व्हिएन्ना येथे खेळांतील मेंदूच्या हादऱ्याविषयी, म्हणजेच कन्कशनविषयी, पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्या निवेदनात या पायऱ्या शिस्तवार नमूद झाल्या: आधी विश्रांती, मग हलका व्यायाम, मग खेळापुरती कसरत, मग धक्काबुक्कीविना सराव, वैद्यकीय मंजुरीनंतर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. दोन पायऱ्यांत निदान चोवीस तासांचे अंतर ठेवावयाचे, आणि लक्षणे उलटली तर मागच्या पायरीवर यावयाचे. परंतु तज्ज्ञांचे निवेदन म्हणजे कायदा नव्हे. २००६ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात डोके आपटल्यावर त्याच सामन्यात पुन्हा खेळला, सामन्याअखेर मेंदूतील रक्तस्रावाने कोसळला, आणि जिवावरच्या शस्त्रक्रियांतून वाचला तो दीर्घकाळचे अपंगत्व घेऊन. त्याच्या नावाचा कायदा त्या राज्याने २००९ साली केला, आणि पुढील पाच वर्षांत इतर सर्व राज्यांनी त्याच्या धर्तीवर कायदे केले.

क्रिकेटमध्ये हा विचार उशिरा रुजला. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी त्याच प्रकारचा बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सच्या कसोटीत या मुभेची पहिली कसोटी लागली. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, कानाखाली, आदळला तेव्हा स्मिथ ८० धावांवर होता. तंबूत घेतलेल्या चाचण्यांत तो उत्तीर्ण झाला, तासाभराच्या आत खेळपट्टीवर परतला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोके दुखत होते आणि गुंगी जाणवत होती. फेरतपासणीनंतर त्याला सामन्यातून बाहेर काढण्यात आले व मार्नस लाबुशेन हा कसोटी इतिहासातला पहिला कन्कशन-बदली फलंदाज मैदानात उतरला. लीड्सच्या पुढच्या कसोटीलाही स्मिथ मुकला, आणि नंतर मँचेस्टरला २११ धावा करून परतला. लक्षणे तासांनी, क्वचित एका रात्रीनंतरही उमटतात, हे या प्रसंगात जगाने पाहिले. त्याच दिवशी परत धाडणे धोक्याचे का, याला याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही. मुभेवर वाद होतात तेही खरे: २०२५ च्या जानेवारीत पुण्याजवळच्या गहुंजे येथे शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला, तेव्हा हा बदली त्याच प्रकारचा म्हणता येईल काय, असा सवाल उठला होता. तरी बदली मिळण्याची हमी नसेल, तर जखमी गड्याला खेळवण्याचा मोह कर्णधारास आवरत नाही, आणि म्हणून हा वाद सोसूनही मुभा राहावी, असे माझे मत आहे.

या नियमात एक दुरुस्तीही मागाहून झाली, आणि शाळकरी मुलांच्या पालकांनी तिची दखल अवश्य घ्यावी. पूर्वी मुलास लक्षणे पूर्ण जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडू देत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात पाच दिवसांच्या सक्त विश्रांतीची मुले एक-दोन दिवस विसावलेल्यांपेक्षा अधिक काळ लक्षणांची तक्रार करीत राहिली. म्हणून २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतरचा शिरस्ता असा: पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास घरात सौम्य हालचाल, मोबाइल व टीव्ही बेताने, मग घरच्या घरी थोडे वाचन, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस. अभ्यासाने डोकेदुखी किंचित वाढून तासाभरात उतरली, तर हरकत नाही. ती बरीच वाढली किंवा टिकून राहिली, तर त्या दिवशी पुस्तक मिटावे आणि दुसऱ्या दिवशी बेत कमी करावा. मूल शाळेचा पूर्ण दिवस त्रासाविना निभावू लागण्याआधी त्याला सामन्यात उतरवू नये. परतीच्या पायऱ्यांपैकी धक्क्याचा किंवा पडण्याचा संभव असलेल्या सरावाआधी वैद्याची मंजुरी घ्यावयाची असते. बहुतेक मुले चार आठवड्यांत सावरतात. त्याहून अधिक लांबले, तर तज्ज्ञाकडे न्यावे. मात्र उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, झोपेतून उठवणे कठीण जात असेल, झटका आला असेल किंवा हातापायांत अशक्तपणा भासला असेल, तर पायऱ्यांचा विचार बाजूस ठेवून तत्काळ इस्पितळ गाठावे. कारण तेथे हादऱ्याचा नव्हे, तर रक्तस्रावाचा संशय असतो.