आधी सात पावलं, मग सर्टिफिकेट

देवळात लग्न लागलं की आपल्या कर्जत-खालापुरात पावती जपून ठेवतात. जोडीदाराच्या व्हिसाला ती पुरत नाही, नोंदणीचा दाखला मागतात. बातमीसाठी जुने कायदे चाळताना मला गंमत वाटली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लग्न होतं विधीनं. सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला. नोंदणी हा फक्त पुरावा. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती सगळ्यांना सक्तीची करायला सांगितलं. मग व्हिसाच्या घाईत लोक उलटे फिरले, आधी कागद, लग्न नंतर! एप्रिल 2024 मध्ये कोर्टानं सांगितलं, विधीच नसतील तर तो कागद फुकट. म्हणून विधींचे फोटो ठेवा, नोंदणीच्या अर्जावर भटजींची सही त्याच आठवड्यात घ्या आणि नावं पासपोर्टशी जुळवा.