किलोमीटरमागे साडेतीन रुपये : एमआरच्या भत्त्यांचा हिशेब

औषध कंपन्यांच्या एमआरला नोकरी देताना पगाराबरोबर भत्त्यांचा तक्ता दाखवतात. बहुतेक उमेदवार त्यातला डीए पाहतात आणि सही करतात. पण ती नोकरी परवडणार की नाही, हे डीएवरून कळत नाही. ते किलोमीटरचा दर, पैसे हातात येण्याची तारीख आणि एक्स-स्टेशनची हद्द या तीन गोष्टींवरून ठरते. या तिन्ही गोष्टी घरातल्या संध्याकाळींशी कशा जोडल्या गेल्या आहेत, ते सहसा कोणी मांडत नाही.

आधी रचना समजून घेऊ. एमआरचे कामाचे दिवस तीन प्रकारचे असतात. राहत्या गावातले काम म्हणजे एचक्यू. बाहेरगावी जाऊन रात्री परतायचे ते एक्स-स्टेशन आणि मुक्कामाचे ते आउटस्टेशन. तिन्हींचा डीए वेगळा. प्रवासभाडे मात्र एसएफसी नावाच्या तक्त्यावरून मिळते. त्यात दोन गावांमधले अंतर एकदाच ठरवून ठेवलेले असते, मग प्रत्यक्षात गाडी कितीही फिरो.

सातारा एचक्यू असलेला एमआर घेऊ. कऱ्हाड, फलटण, वाई ही त्याची एक्स-स्टेशने आणि माण भागात महिन्यातून दोन मुक्कामी दौरे. दर उदाहरणादाखल धरू : एक्स-स्टेशनला 350, मुक्कामाला 700 आणि किलोमीटरमागे साडेतीन रुपये. एसएफसीप्रमाणे महिन्याचे 1,400 किलोमीटर भरतात, म्हणजे 4,900 रुपये मिळतात. पण एचक्यूतले दवाखाने, केमिस्ट, स्टॉकिस्ट आणि परगावात पोचल्यावरच्या गल्ल्या तक्त्यात नसतात. त्या धरल्या तर मीटरवर 1,800 किलोमीटर चढतात.

पेट्रोल 105 रुपये आणि ॲव्हरेज 45 धरले, तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये जातात. महिन्याचे पेट्रोल 4,200 रुपयांचे. मिळाले 4,900, म्हणजे सातशे रुपये सुटले असे वाटते, आणि बरेच जण ते सुटले असे मानून घरात खर्चही करतात. फसगत इथेच होते. सर्व्हिसिंग आणि ऑइलचे किलोमीटरला पन्नास पैसे जातात. टायर, चेन, ब्रेक आणि विमा मिळून आणखी चाळीसेक पैसे. शिवाय एक लाख दहा हजारांची गाडी पाच वर्षांत लाखभर किलोमीटर पळून पस्तीस हजारांना विकली जाते, म्हणजे पाऊण रुपया घसाऱ्याचा. बेरीज चार रुपयांच्या आसपास येते. 1,800 किलोमीटरचे 7,200 झाले आणि मिळाले 4,900. दरमहा तेवीसशे रुपये एमआर स्वतःच्या खिशातून कंपनीच्या कामात घालतो, आणि ते त्याला कळते गाडीचे इंजिन उघडायची वेळ येते तेव्हा. ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’ या जाहिरातीतल्या तीन शब्दांची किंमत ही. म्हणून दर तपासताना तो पेट्रोलशी ताडून पाहू नये, गाडीच्या पूर्ण खर्चाशी ताडून पाहावा. दर बदलत नसेल, तर निदान स्थानिक फिरण्याचे किलोमीटर वेगळे मागावेत. ही मागणी मान्य होण्याची शक्यता दरवाढीपेक्षा जास्त असते, कारण त्यासाठी कंपनीला सगळ्या देशाचा तक्ता बदलावा लागत नाही.

आता विलंब. जुलैचे एक्स्पेन्स स्टेटमेंट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाते. एरिया मॅनेजर, मग रीजनल, मग अकाउंट्स असे करत पैसे 25 तारखेला जमा होतात. म्हणजे 1 जुलैला भरलेल्या पेट्रोलचे पैसे पंचावन्न दिवसांनी मिळतात, 31 जुलैचे पंचवीस दिवसांनी. सरासरी चाळीस दिवस. पेट्रोल, जेवण, लॉज मिळून महिन्याला दहा हजार खिशातून जात असतील, तर साधारण तेरा हजार रुपये कायमचे अडकून राहतात. हे सगळे वेळेवर झाले तर. एका दिवसाचा डीसीआर मुदतीत भरला गेला नाही किंवा टूर प्रोग्राममध्ये ठरलेल्या फलटणऐवजी वाईला जावे लागले, की क्लेम ‘डेव्हिएशन’ म्हणून परत येतो आणि पुढच्या महिन्यात ढकलला जातो. मग अडकलेली रक्कम तेवीस हजारांवर जाते आणि ती भरून निघते क्रेडिट कार्डातून, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने.

खर्च वेळेवर परत मिळण्याला कायद्याचा आधार का नाही, हे माहीत असायला हवे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात वेतन कधी द्यायचे याची मुदत होती, पण वेतनाच्या व्याख्येतून प्रवासभत्ता आणि कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चाची भरपाई वगळलेली होती. नव्या वेतन संहितेनेही अशा खास खर्चाच्या भरपाईची वगळणूक ठेवली. एमआरसाठी खास असलेल्या 1976 च्या कायद्याने नियुक्तिपत्र आणि रजा यांची तरतूद केली. खर्च किती दिवसांत परत करायचा, हे त्याने सांगितले नाही. त्यामुळे मुदत फक्त नियुक्तिपत्रात किंवा कंपनीच्या धोरणात असू शकते. तिथे तारीख लिहिलेली नसेल, तर ती नाहीच असे समजावे. राजीनाम्याच्या वेळी हे सर्वांत जास्त बोचते, कारण शेवटच्या दोन महिन्यांचे क्लेम त्या वेळी अडकलेले असतात. प्रत्येक क्लेमची सादर केल्याची आणि पैसे जमा झाल्याची तारीख वहीत टिपलेली असेल, तर मॅनेजरशी बोलताना ‘उशीर होतो’ या तक्रारीला आकार येतो आणि तो उशीर नेमका कोणत्या टेबलावर होतो हेही दिसते.

राहिली संध्याकाळ. डॉक्टरांची ओपीडी सकाळी आणि मग सहा ते नऊ. एमआरला आत घेतात ते पेशंट संपल्यावर. म्हणून साताऱ्यातच काम असले तरी घरी यायला साडेनऊ होतात; दुपारी दोन ते पाच तो घरी असतो, पण मूल तेव्हा शाळेत असते. कऱ्हाडचे अंतर पन्नासेक किलोमीटर, म्हणजे हद्दीच्या आत, त्यामुळे ते एक्स-स्टेशन. शेवटचा डॉक्टर साडेनऊला भेटला की पाठीवर बॅग घेऊन महामार्गावरून रात्री अकराला घर. ‘आलात का?’ एवढेच बोलणे होते आणि जेवण झाकलेले असते. सकाळी पुन्हा कऱ्हाड.

रोज रात्री परतण्याचा हा प्रकार कंपनीचे पैसे वाचवतो, असे मॅनेजर मानतात. हिशेब तसा नाही. कऱ्हाडचे लागोपाठचे दोन एक्स-स्टेशन दिवस एका मुक्कामात बांधले, तर शंभर किलोमीटरची एक फेरी वाचते, म्हणजे 350 रुपये. मुक्कामाचा जादा डीएही 350 च. कंपनीला काहीच जास्त पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची ओपीडी आटोपून तो चारला साताऱ्यात येतो, मुलाची शाळा सुटण्याच्या आधी. दोन अर्धवट रात्रींच्या जागी एक रात्र बाहेर आणि एक पूर्ण संध्याकाळ घरी.

याला दोन मर्यादा आहेत. सातशे रुपयांत खोली आणि दोन वेळचे जेवण बसणे कठीण, म्हणून लॉजचे बिल प्रत्यक्ष मिळायला हवे. त्यात कंपनीचे दोनतीनशे जास्त जातील. आणि दुसऱ्या संध्याकाळचे चारपाच डॉक्टर सुटतात. महिन्यातून एकदाच भेटायचे डॉक्टर पुढच्या फेरीत बसवता येतात, पण ज्यांच्याकडे दोनदा जायचेच असते त्यांच्यासाठी पहिलीच संध्याकाळ राखून ठेवावी लागते. म्हणजे टूर प्रोग्राम गावांवरून न करता डॉक्टरांच्या यादीवरून करावा लागतो. हे काम एमआर स्वतः एका दुपारी करू शकतो. मंजुरी मात्र एरिया मॅनेजरची लागते, आणि ती मागताना घरची अडचण सांगण्याऐवजी वाचलेल्या फेरीचे 350 रुपये कागदावर मांडून दाखवलेले बरे.