काच अर्ध्यावर अडते तेव्हा...

चांदणी चौकातून पौडकडे जाताना भूगावनंतर भुकूम लागते. उन्हाळ्यात या रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यात मुळशी खोऱ्यातला पाऊस, दोन्ही गाडीच्या दारात शिरतात. पॉवर विंडोची काच रेंगाळू लागली की बहुतेक जण प्रथम फ्यूज पाहतात आणि तो शाबूत दिसला की थेट नवी मोटर मागवतात. ही घाई बरेचदा महागात पडते.

फ्यूज एकतर जोडलेला असतो किंवा उडालेला. तो 'अर्धवट' नसतो. त्यामुळे काच हळू चालते, पण चालते, याचा अर्थ फ्यूज शाबूत आहे. सर्वच काचा एकाच वेळी बंद पडल्या, तर मात्र फ्यूज आणि रिले आधी पाहावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तार किंवा चांदीचा कागद गुंडाळल्यास फ्यूजऐवजी दारातले वायरिंग जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत सोललेली वायर सापडण्याची शक्यता असते. दार उघड-मीट होताना ती तिथेच वाकत असते.

एकच काच मंद असेल, तर खरी परीक्षा व्होल्टेजची. तीही मोटर जोडलेली ठेवून आणि बटण दाबून धरूनच घ्यावी. कनेक्टर काढून मोजले, तर खराब स्विचही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. कारण त्यातून प्रवाहच वाहत नसतो. पुष्कळ मेकॅनिक इथेच फसतात.

भुकूममधल्या एका सोसायटीत जुलैत उभ्या असलेल्या गाडीचे उदाहरण घेऊ. चालकाच्या बाजूची काच चढताना निम्म्यावर थांबते, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालते. इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून काच चढवताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट, पण मोटरच्या दोन वायरींमध्ये अवघे ८.६ व्होल्ट मिळतात. म्हणजे ३.७ व्होल्ट वाटेत हरवले. मीटरचे एक टोक स्विचच्या पुरवठ्याच्या पिनवर आणि दुसरे मोटरकडे जाणाऱ्या पिनवर ठेवून बटण दाबले, तर २.९ व्होल्ट दिसतात. अर्थिंगच्या बाजूला ०.३ आणि उरलेले ०.५ वायरींमध्ये. चांगल्या स्विचमध्ये हा फरक फार तर अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. दोष स्विचच्या संपर्कबिंदूंचा आहे, हे येथे स्पष्ट झाले. मोटर सहा अँपिअर घेत असेल, तर सुमारे १७ वॅट उष्णता त्या छोट्या बटणातच निर्माण होते. म्हणून ते गरम लागते, कधी प्लॅस्टिकचा वासही येतो. संपर्कबिंदू घासून साफ केले की काच काही महिने नीट चालते. पण त्यांच्यावरचा मुलामा गेलेला असल्याने शेवटी स्विच बदलावाच लागतो.

शेजारच्या आसनाची काच दोन्ही बटणांवरून चालवून पाहावी. एकावरून नीट आणि दुसऱ्यावरून मंद चालली, तर दोषी बटण सापडले. मात्र दोन्हींवरून मंद चालली, म्हणून स्विच निर्दोष ठरत नाहीत. अनेक गाड्यांत त्या काचेचा प्रवाह दोन्ही स्विचमधून जातो.

मोटरपर्यंत साडेअकरा व्होल्टच्या आसपास पोहोचत असूनही काच रेंगाळत असेल, तर काच टेपने वर बांधून मोटर मशीनपासून सोडवावी आणि चालवावी. अशी मोकळी मोटर झपाट्याने फिरली, तर अडथळा काचेच्या रबरी खाचेत किंवा मशीनच्या केबलमध्ये आहे. खाच ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल किंवा ग्रीस लावल्यास धूळ आणखी चिकटते. मोकळी मोटरही रेंगाळली, तर मात्र ती बदलावी. दारावर थाप मारली की ती चालू लागते, हे कार्बन झिजल्याचे जुने लक्षण.

काच मध्येच थांबून काही वेळाने पुन्हा चालते, ते मोटरमधील उष्णतारक्षक पट्टीमुळे. मोटर तापली की ही पट्टी प्रवाह तोडते आणि थंड झाल्यावर जोडते. ती बिघाड नव्हे, तर बिघाडाची सूचना आहे. ताप घर्षणाने आला, कमी व्होल्टेजने की झिजलेल्या कार्बनने, हे वरील मोजमापच सांगते. काच थांबून उलट खाली येत असेल, तर प्रकार वेगळा. बोट सापडू नये म्हणून असलेली यंत्रणा वाढलेल्या घर्षणालाच अडथळा समजते किंवा बॅटरी काढल्यावर ती पुन्हा शिकवावी लागते. त्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.

दार पुन्हा बंद करण्यापूर्वी आतला प्लॅस्टिकचा पडदा नीट चिकटवावा आणि दाराच्या तळाची छिद्रे काडीने मोकळी करावीत. चिखलाने ती बुजली की पाणी दारातच साचते आणि नव्या मोटरचीही तीच गत होते.