नवव्या बिटाची कुळकथा

फिलिप्स या डच कंपनीने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी, प्रामुख्याने दूरचित्रवाणी संचांतील चिप्सना परस्परांशी बोलता यावे यासाठी, दोन तारांची एक वाहिनी तयार केली. संचात ट्यूनिंग, ध्वनी आणि रंग यांसाठी निरनिराळ्या चिप्स आल्या होत्या. प्रत्येकीला सूक्ष्मनियंत्रकापासून, म्हणजे मायक्रोकंट्रोलरपासून, स्वतंत्र तारांचा जुडगा देणे हे महागडे आणि जागा खाणारे होते. आय-टू-सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाहिनीत `SCL` ही घड्याळाची तार ठोके देते आणि `SDA` ही विदेची तार प्रत्येक ठोक्याला एक बिट वाहते. अॅटमेल कंपनीने आपल्या चिप्समधील याच सोयीला ‘टू-वायर इंटरफेस’ असे नाव दिले.

या वाहिनीचा खरा विशेष तिच्या विद्युतरचनेत आहे. तारेला जोडलेली कोणतीही चिप तार वर उचलत नाही. ती फक्त जमिनीकडे, म्हणजे शून्याकडे, खेचू शकते किंवा सोडून देऊ शकते. सर्वांनी तार सोडली, की पुल-अप रेझिस्टर, म्हणजे पुरवठ्याच्या धन टोकाला जोडलेला रोधक, तिला आपोआप एकवर नेतो. एकाने जरी खेचली तरी तार शून्य होते. या रचनेमुळे दोन चिप्स एकाच वेळी बोलू लागल्या तरी कोणाचे नुकसान होत नाही. पण तिचा आणखी एक परिणाम असा की, तारेवरील मौन आणि एक हा अंक यांत काहीच फरक उरत नाही. पुढील सारे निदान या एका गोष्टीभोवती फिरते.

व्यवहाराचा आरंभ ठरवताना एका नियमाचा उपयोग केला गेला. विदेच्या तारेने घड्याळाची तार वर असताना स्थिर राहावे असा नियम असल्यामुळे, तो जाणूनबुजून मोडणे हीच खूण ठरली: `SCL` वर असताना `SDA` खाली आली तर तो ‘स्टार्ट’, आणि `SCL` वर असतानाच ती खालून वर गेली तर तो ‘स्टॉप’. स्टार्टनंतर यजमान, म्हणजे व्यवहार सुरू करणारी चिप, सात बिटांचा पत्ता सर्वांत मोठ्या स्थानापासून पाठवतो. आठवा बिट लिहायचे असल्यास शून्य, वाचायचे असल्यास एक असतो. नवव्या ठोक्याला यजमान विदेची तार सोडून देतो आणि वाट पाहतो. तो पत्ता ज्या चिपचा असेल तिने ही तार खाली खेचून धरली, की तिची पोचपावती मिळाली असे समजायचे. तंत्रज्ञ तिला ‘अॅक’ म्हणतात. तार वरच राहिली तर ‘नॅक’. मौन म्हणजेच एक असल्यामुळे, बिघडलेली चिप, वीज न मिळालेली चिप, मुळात नसलेली चिप आणि चुकीच्या पत्त्यावर हाक मारल्यामुळे गप्प बसलेली निर्दोष चिप, या चौघींचे उत्तर नवव्या बिटात अगदी सारखे दिसते.

हा बिट डोळ्यांनी पाहण्याचे साधन वाहिनीपेक्षा जुने आहे. लॉजिक अॅनालायझर हे उपकरण १९७३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि बायोमेशन या अमेरिकी कंपन्यांनी बाजारात आणले. ऑसिलोस्कोप तारेवरचा दाब किती आणि कसा बदलतो हे रेखाटतो, तर हे उपकरण त्याच तारेबद्दल ठरावीक कालांतराने एकच प्रश्न विचारते: उंबरठ्याच्या वर की खाली? सूक्ष्मप्रक्रियकांच्या काळात ते अनेक समांतर तारा एकदम वाचण्यासाठी वापरले गेले. पुढे दोन तारांवर एकामागून एक येणारे बिट ओळखून त्यांचे शब्द लावणारे विसंकेतक त्यात आले, आणि आज पल्सव्ह्यूसारखी मुक्त आज्ञावली स्वस्त यूएसबी अॅनालायझरवरही हे काम करते. कित्येक तारांसाठी घडवलेल्या यंत्राला दोनच तारांच्या पहाऱ्यावर बसवावे, हा या कुळातला थोडा गमतीचा योग आहे.

प्रत्यक्ष निदानाचे उदाहरण म्हणून अक्षरपटलाच्या पाठीला जोडलेली `PCF8574` ही, फिलिप्सच्याच घराण्यातली, बाहेरचे बिंदू वाढवून देणारी चिप घेता येईल. पटल कोरे राहते आणि अर्डुइनोवरील आज्ञावली पुढील ओळींतून, पत्त्याला पोचपावती नाही या अर्थाचा, `2` हा आकडा परत देते.

```
Wire.beginTransmission(0x4E);
byte e = Wire.endTransmission();
```

अॅनालायझरची जमिनीची तार मंडळाच्या जमिनीला, एक वाहिका `SCL` ला आणि दुसरी `SDA` ला जोडली जाते. वाहिनी सेकंदाला एक लाख ठोके देत असेल तर एक बिट १० मायक्रोसेकंदांचा असतो. सेकंदाला ४० लाख नमुने घेतल्यास प्रत्येक बिटाचे ४० नमुने मिळतात आणि स्टार्टची क्षणिक घडामोडही निसटत नाही. `SDA` खाली येताच नोंद सुरू व्हावी असे ठरवले, की पडद्यावर हे दिसते:

```
S 1001110 0 1 P
```

स्टार्ट आहे, आठ बिट सुबक आहेत, लिहिण्याचा बिट आहे, आणि नववा बिट एक आहे. अॅनालायझर जोडला आहे तिथपर्यंत तारा तुटलेल्या नाहीत आणि यजमान नीट बोलतो आहे, हे इतक्यानेच सिद्ध होते. आता संशय पत्त्यावर जातो. `PCF8574` च्या पत्त्यातील पहिले चार बिट `0100` असे कारखान्यातच ठरलेले असतात आणि शेवटचे तीन बिट तीन पायांवरून ठरतात. तिन्ही पाय वर असताना पत्ता `0100111`, म्हणजे `0x27`, हवा. पडद्यावरील `1001` ही आरंभखूण `LM75` सारख्या तापमान-संवेदकांची आहे. तो संवेदक तिथे असता तर पोचपावती मिळाली असती आणि चूक आणखी खोल दडली असती.

चुकीचे मूळ पत्ता लिहिण्याच्या दोन पद्धतींत आहे. काही माहितीपत्रके लिहिण्या-वाचण्याचा बिट धरून आठ बिटांचा पत्ता देतात. त्या हिशेबात `0x27` चा लिहिण्याचा पत्ता `0x4E` होतो. अर्डुइनोची ग्रंथालय-आज्ञावली मात्र सात बिटांची अपेक्षा करते आणि आठवा बिट स्वतः जोडते, म्हणून `0x4E` डावीकडे एक घर सरकून `0x9C` झाला. `0x27` लिहिताच नवव्या जागी शून्य येते:

```
S 0100111 0 0 ...
```

तरीही एकच दिसत राहिला, तर चिपवरची छापील अक्षरे वाचावी लागतात. `PCF8574A` चे ठरलेले बिट `0111` असतात आणि तिन्ही पाय वर असताना तिचा पत्ता `0x3F` होतो.

प्रत्येक नॅक हा बिघाड नसतो. `24C02` सारखी ईईप्रॉम स्मृती आतल्या आत लिहीत असताना काही मिलिसेकंद मुद्दाम पोचपावती देत नाही, आणि चांगली आज्ञावली तेवढा वेळ पुन्हापुन्हा हाक मारते. उलट, स्टार्टच न दिसणे हे गंभीर असते: वाचन अर्धवट तुटून एखादी चिप शून्य बिट देत थांबली, तर `SDA` खालीच अडकते, स्टार्टसाठी तिला वरून खाली येताच येत नाही, आणि यजमानाने `SCL` वर नऊपर्यंत ठोके देऊन ती चिप मोकळी करावी लागते.

अॅनालायझरच्या दृष्टीचीही सीमा आहे. लांब तारा किंवा फार मोठा पुल-अप रेझिस्टर यांमुळे तार वर चढताना रेंगाळते. नेहमीच्या वेगाला हा चढ जास्तीत जास्त एक मायक्रोसेकंदाचा असावा, असे मानक सांगते. अॅनालायझर तो चढ दाखवत नाही. त्याचा उंबरठा चिपच्या उंबरठ्यापेक्षा खाली असेल तर त्याच्या पडद्यावर पत्ता बरोबर दिसतो आणि चिपला मात्र एखादा एक शून्य वाटतो. अशा वेळी बरोबर पत्त्यापुढेही एक येत राहतो, आणि तिथे ऑसिलोस्कोप काढावा लागतो.