तारीख कुणाची?

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला वाटलं होतं की 'बॉम', म्हणजे बिल ऑफ मटेरियल, ही फक्त एक यादी असते. एक वस्तू बनवायला कोणते सुटे भाग, किती नग, कोणत्या रिव्हिजनचे, एवढंच. मी सॉफ्टवेअरवाला, यादी म्हणजे माझ्यासाठी एक टेबल. यादी बदलली की नवी ओळ घालायची आणि जुनीवर शेवटची तारीख टाकायची, इतकं सोपं.

ही तारीख किती अवघड असते, हे संपूर्ण देशाला २०१७ साली कळलं. १ एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ हे प्रदूषणाचे निकष लागू होणार होते. दुचाकीच्या बॉमच्या भाषेत सांगायचं तर हा साधा बदल नव्हता. पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबा जोडायचा होता. त्याच तारखेपासून हेडलाइट सतत चालू ठेवण्याचा नियमही येत होता, म्हणून अनेक गाड्यांतून त्याचं बटण काढून वायरिंग बदलावं लागणार होतं. म्हणजे काही भाग आत, काही बाहेर, काही बदललेले.

प्रश्न होता, १ एप्रिल ही तारीख कशाची? अनेक कंपन्यांचा समज होता, उत्पादनाची. ३१ मार्चपर्यंत बनलेली बीएस-३ गाडी नंतरही विकता येईल. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही, ही तारीख विक्रीची आणि नोंदणीची. उद्योगाने न्यायालयात दिलेल्या आकड्यानुसार तेव्हा सुमारे ८.२४ लाख बीएस-३ वाहनं पडून होती, त्यांतल्या ६.७१ लाख दुचाकी. पुढचे दोन दिवस शोरूमपुढे सवलतीच्या गाड्यांसाठी रांगा लागल्या. बजाज ऑटोने मात्र आधीच बीएस-४कडे वळण घेतलं होतं आणि ती बंदीच्या बाजूने उभी होती. तिचा वाळूजचा कारखाना आमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

गाड्या जशा काढायच्या होत्या तशाच बनल्या होत्या. चुकलं होतं ते एवढंच, की तारीख कोणत्या घटनेला बांधलेली आहे, याबद्दल प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं उत्तर होतं.

काही वर्षांनी हीच चूक मी स्वतः, फार छोट्या प्रमाणावर केली. कारखान्याचं नाव सांगत नाही. तिथे पत्र्याचा एक ब्रॅकेट बनायचा. ग्राहकाने एम-६ ऐवजी एम-८ बोल्ट वापरायचं ठरवलं, म्हणून भोक ६.५ मिमीवरून ८.५ मिमी झालं. रिव्हिजन 'बी'ची 'सी' झाली, लागू १ तारखेपासून. माझ्या क्वेरीत अट अशी होती:

```sql
WHERE valid_from <= wo.created_on
  AND (valid_to IS NULL
       OR valid_to > wo.created_on)
```

४०० नगांची वर्क ऑर्डर २७ तारखेला उघडली होती. स्टोअरमधून पत्रा निघाला पुढच्या महिन्याच्या २ तारखेला. पण माझी क्वेरी ऑर्डर उघडल्याची तारीख बघत होती. ड्रॉइंग छापून निघालं ते 'बी'चं. ऑपरेटरने कागदावर होतं तेच केलं, तपासणीतही तोच कागद, त्यामुळे सगळे नग 'ओके'. ग्राहकाच्या लाइनवर बोल्ट आत जाईना, तेव्हा कळलं.

नशिबाने भोक मोठं करता येतं. सगळे नग परत आणून पुन्हा ड्रिल केले. बदल उलटा असता, तर सगळे भंगारात गेले असते.

क्वालिटीतले एक काका मला म्हणाले, "अरे, बदलाच्या कागदावर तारीख लिहिलीस. ती ऑर्डरची, माल काढायची, की डिस्पॅचची, ते कुठे लिहिलंयस?"

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. बॉम माल काढताना पुन्हा तपासला जाऊ लागला. ऑर्डर उघडी असेल पण माल निघाला नसेल, तर ती अडते. बदलाच्या कागदावर प्रत्येक ठिकाणच्या जुन्या मालाचं काय करायचं ते लिहिणं सक्तीचं झालं, स्टोअरमधला, मशिनवरचा आणि वाटेतला: वापरा, दुरुस्त करा की मोडीत काढा. आणि जुन्या-नव्याची अदलाबदल होत नसेल, तर रिव्हिजन न वाढवता पार्ट नंबरच नवा घ्यायचा. 'बी' आणि 'सी' एका नंबराखाली एकाच रॅकमध्ये पडले, तर कागद कितीही बरोबर असो, हात चुकीचा नग उचलणारच.

२०१८ साली बीएस-६बद्दल न्यायालयाने संदिग्धता ठेवली नाही: १ एप्रिल २०२०पासून बीएस-४ वाहन विकायचं नाही, असा शब्द आधीच आला. त्या एका शब्दात, 'विकायचं', २०१७चा सगळा गोंधळ मिटला होता. मी मात्र अजूनही कोणाच्याही कागदावर 'लागू दिनांक' दिसला, की आधी विचारतो, कशाचा?