गाठ, तीन दोऱ्या आणि मिटणारा त्रिकोण

१/ तीन दोऱ्यांनी ओढलेली एक गाठ हवेत स्थिर आहे. हा समतोल गाठीला हात न लावता, केवळ रेघा आखून पडताळता येईल का? या प्रश्नाच्या उत्तराला एका शतकाचा इतिहास आहे.

२/ सुरुवात सिमोन स्टेव्हिनपासून. १५८६ साली लायडन येथे, लॅटिनऐवजी डच भाषेत, त्याने तुलाशास्त्रावरील ग्रंथ छापला. दोन उतारांवर टाकलेली गोळ्यांची माळ आपोआप अखंड फिरत राहणे अशक्य आहे, एवढ्या एका विचारातून त्याने उताराचा नियम काढला. तेथून तो तिरप्या दोऱ्यांनी तोललेल्या वजनांकडे वळला.

३/ पुढे १६८७ मध्ये फ्रान्सच्या पिएर व्हारिन्यों याने बलांच्या संयोगावर सारे स्थितिशास्त्र उभारण्याचा आराखडा मांडला. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ही त्याच वर्षीचा. व्हारिन्योंचा सविस्तर ग्रंथ मात्र १७२५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

४/ आता पडताळणी. गाठीखाली ५ किलोचे वजन टांगले आहे. डावी व उजवी दोरी कप्प्यांवरून नेऊन त्यांच्या टोकांना अनुक्रमे ३ व ४ किलो लावले आहेत. १ किलोला १ सेंटिमीटर असे प्रमाण घेऊ. प्रथम ५ सेंमीची रेघ सरळ खाली ओढा. तिच्या टोकापासून डाव्या दोरीला समांतर ३ सेंमी, आणि तेथून उजव्या दोरीला समांतर ४ सेंमी रेघ ओढा. पेन्सिल आरंभबिंदूवर परतली, तर समतोल आहे.

५/ समजा, कोणी म्हणाले की दोन्ही दोऱ्या उभ्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करतात. आखून पाहा. त्रिकोण मिटत नाही, सुमारे ०.७ सेंमीची फट उरते. आरंभबिंदूपासून शेवटच्या टोकाकडे पाहिले, तर ती जवळजवळ आडवी, उजवीकडे आहे. म्हणजे गाठीवर सुमारे ०.७ किलोभाराचे बल उरले आहे आणि ती ४ किलोच्या बाजूला सरकेल. त्रिकोण मिटतो तो डावी दोरी सुमारे ५३ अंश आणि उजवी ३७ अंश कललेली असताना. तेव्हा त्या दोघींमध्ये नेमका काटकोन होतो.

६/ दोन चुका वारंवार होतात. पहिली, दोरीची लांबी मोजून बाजू आखणे. बाजू बलाची असते, दोरीकडून फक्त दिशा घ्यायची. दुसरी, बाण न पाहणे. तिन्ही बाण एकामागून एक त्याच फेऱ्यात हवेत. एक जरी उलटा असला, तरी मिटलेला त्रिकोण समतोल सिद्ध करीत नाही.

७/ प्रत्यक्ष प्रयोगात किंचित फट राहतेच, कारण कप्पीचे घर्षण दोरीतील ताण थोडा बदलते. पण ५ ऐवजी ८ किलो टांगले, तर कोणताही कोन उपयोगी पडणार नाही. ३ आणि ४ मिळून ७. त्रिकोण जुळणारच नाही आणि गाठ खाली जात राहील.