सोपी मराठी, पण कुणासाठी?

'सोप्या मराठीत लिहा' असं बातमीदारांनाही सांगतात अन् सरकारी कारकुनांनाही. कुणासाठी, ते कुणीच सांगत नाही. इतिहासात एकाने मात्र सांगितलं होतं.

सुमारे सातशे वर्षांपूर्वी महानुभाव पंथाचे आचार्य होते नागदेव, म्हणजे भटोबास. त्यांचे शिष्य केशोबास संस्कृतचे जाणते, त्यांनी संस्कृतातच रचना सुरू केली. भटोबासांनी थांबवलं. कारण शब्द अवघड आहेत असं नव्हे, तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया उपदेशाला मुकतील. ही हकिकत 'स्मृतिस्थळा'त आहे. वाचक ठरला, म्हणून भाषाही ठरली. केशोबासांनी पुढे चक्रधरांची वचनं मराठीतच 'सूत्रपाठा'त जमवली.

१९६२ च्या पदनाम कोशाचं उलटं झालं. इंग्रजी हुद्द्यांना मराठी नावं दिली, पण अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपलं. गंमत बघा, 'फेरफार', 'जमाबंदी' हे शब्द आमच्या शेतकऱ्याला पाठ, कॉलेजातल्या पोराला परके. 'अधिदान' मात्र दोघांनाही अडतं. तुमच्या तालुक्यातल्या फॉर्मवर असा कोणता शब्द अडला, अन् कुणाला? खाली लिहा.